नात्यातलं कर्ज आणि कोर्टात टिकणारा कागद

नात्यातल्या कर्जाचा वाद दिवाणी कोर्टात गेला की प्रतिवादीच्या कैफियतीत सहसा तीनपैकी एक वाक्य असतं. पैसे मिळालेच नाहीत, हे पहिलं. मिळाले, पण ती मदत होती, बक्षीस होतं, वाटणीतला माझा हिस्सा होता, हे दुसरं. घेतले होते, पण मुदत टळली, हे तिसरं. कर्जाचा करार म्हणजे या तीन वाक्यांना आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. आपल्याकडे मात्र सगळी काळजी घेतली जाते ती स्टँप पेपर, नोटरीचा लाल शिक्का आणि साक्षीदारांच्या सह्या यांची. या गोष्टींचा उपयोग आहे, पण दावे पडतात ते बहुतेकदा तारखांवर आणि पैशाच्या वाटेवर. महाराष्ट्रापुरता हा विषय तपासून पाहायचा तर एक व्यवहार डोळ्यापुढे ठेवलेला बरा.

समजा, साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षक मामांनी सांगलीच्या भाच्याला लेथ मशीन घ्यायला सहा लाख रुपये दिले. तारीख ५ जून २०२५. व्याज दरसाल दर शेकडा नऊ. मुद्दल चोवीस महिन्यांत, दरमहा पंचवीस हजार, अधिक शिल्लक मुद्दलावरचं त्या महिन्याचं व्याज. पहिला हप्ता ५ जुलै २०२५ ला, शेवटचा ५ जून २०२७ ला. तारण म्हणून भाच्याच्या बायकोच्या सोन्याच्या पाटल्या.

व्याजाच्या ओळीपासूनच घोळ सुरू होतो. गावाकडे ‘दोन टक्के’ म्हटलं की महिन्याचे दोन, म्हणजे वर्षाचे चोवीस. बँकेच्या व्यवहाराची सवय असलेल्या मामांना ‘नऊ टक्के’ म्हणजे वर्षाचेच वाटतात. म्हणून जुन्या दस्तांतली ‘द. सा. द. शे.’ ही चार अक्षरं आजही कामाची आहेत. दुसरा घोळ व्याज कशावर, हा. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज ४,५०० रुपये, दुसऱ्या महिन्याचं त्याच पाऊण टक्का दराने पण पावणेसहा लाखांवर, म्हणजे ४,३१२ रुपये ५० पैसे. चोवीस महिन्यांचं सगळं व्याज ५६,२५० रुपये होतं. तेच नऊ टक्के दोन वर्षं पूर्ण सहा लाखांवर धरले तर १,०८,००० होतात. करारात नुसतं ‘नऊ टक्के व्याज’ लिहिलं तर दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, आणि भांडण बावन्न हजारांचं होतं. त्यावर उपाय म्हणजे करारासोबत हप्त्यांचं कोष्टक जोडायचं: तारीख, मुद्दल, व्याज, शिल्लक, आणि त्या पानावरही दोघांच्या सह्या.

दर किती असावा याला नात्यातल्या एखाद्या व्यवहारासाठी ठरलेली कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा सावकारीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. भाच्याला एकदा पैसे दिल्याने मामा सावकार होत नाहीत. पण त्याच मामांनी दोन पुतण्यांना, शेजाऱ्याला आणि दूधवाल्यालाही व्याजाने पैसे दिले असतील तर ‘हा परवान्याशिवायचा धंदा आहे’ असा बचाव उभा राहतो, आणि मग सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्जही जातो. परवानाधारक सावकारांसाठी सरकारने ठरवलेले दर शेतकऱ्याला तारणी कर्जावर नऊ व बिनतारणी बारा, इतरांना तारणी पंधरा व बिनतारणी अठरा टक्के असे आहेत. नात्यात याच्या आत राहणं शहाणपणाचं. शिवाय जुन्या मुंबई इलाख्याच्या मुलखात हिंदू ऋणकोला दामदुपटीचा नियम लागू पडत आला आहे: एका वेळी वसूल होणारं थकीत व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. आणि हप्ता चुकला तर ‘महिना पाच टक्के दंडव्याज’ असली ओळ लिहून काही साधत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट ती शिक्षा समजून वाजवी रकमेवर आणतं.

आता पैशाची वाट. कर्ज आणि कर्जाची परतफेड वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर आयकर कायद्याने ती रोखीत करता येत नाही. आधीची थकबाकी धरून आकडा वीस हजारांवर गेला तरी हेच. केलीच तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि गंमत अशी की घेतानाचा दंड घेणाऱ्यावर आणि फेडतानाचा दंड फेडणाऱ्यावर, म्हणजे दोन्ही वेळा भाच्यावरच. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल तर रोखीने कर्ज घेण्याला सूट आहे. पण रोखीने दिलं म्हणून कर्जच रद्द होतं, असं नाही. गोव्यातल्या सहा लाखांच्या अशाच एका हातउसन्या व्यवहाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं: दंड वेगळा, वसुलीचा हक्क वेगळा. तरीही रोख द्यायचं टाळावं याचं खरं कारण पुराव्याचं आहे. ‘एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून?’ हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो, आणि देणाऱ्याची ऐपत सिद्ध झाली नाही म्हणून खटले पडलेले आहेत. मामांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून भाच्याच्या खात्यात सहा लाख गेले की हा प्रश्न तिथेच मिटतो.

पण बँकेतली नोंद फक्त पैसे गेले एवढंच सांगते, का गेले ते सांगत नाही. मामाने भाच्याला दिलेली रक्कम बक्षीस असू शकते, आणि नातेवाइकाकडून मिळालेल्या बक्षिसावर करही नाही, त्यामुळे ‘बक्षीस होतं’ म्हणायला भाच्याला काहीच तोशीस पडत नाही. म्हणून करारात साधं वाक्य हवं: ही रक्कम लिहून देणार यांनी लिहून घेणार यांच्याकडून व्याजाने कर्ज म्हणून घेतली आहे, ती बक्षीस, मदत, भागीदारीतली गुंतवणूक किंवा कोणत्याही वाटणीतला हिस्सा नाही. त्याखाली खाते क्रमांक, बँक, तारीख आणि बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक. पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी ‘कर्ज’ असा शब्द टाकायला दोन सेकंद लागतात. पैसे द्यायचे आणि करार ‘सवडीने’ करायचा, हेही नको. एका दिवशी दोन्ही झालं तर तारखा जुळतात.

स्टँपबद्दलचे गैरसमज सगळ्यात जास्त. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप आला, आणि कोणताही करार पाचशेच्या कागदावर चालतो अशी समजूत रुजली. मुद्रांक कायद्यात ‘बंधपत्र’ नावाचा प्रकार आहे: साक्षीदाराच्या साक्षीने एखाद्याने दुसऱ्याला पैसे देण्याची जबाबदारी घेतली आणि तो कागद दुसऱ्याच्या नावे फिरवता येण्यासारखा नसला, तर ते बंधपत्र ठरतं, आणि त्यावरचं शुल्क रकमेप्रमाणे वाढतं. म्हणजे आपण ज्या साक्षीदारांच्या सह्या हौसेने घेतो, त्याच सह्या कागदाला जास्त शुल्काच्या खात्यात टाकू शकतात. स्टँप कमी पडला तर कागद मरत नाही. कोर्टात तो अडकवला जातो, आणि कमी पडलेलं शुल्क व त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी दंड भरून पुराव्यात येतो. पण त्यात महिने जातात. रक्कम मोठी असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन शुल्क ठरवून घ्यावं. त्याला अभिनिर्णय म्हणतात, आणि मग त्या मुद्द्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

वचनचिठ्ठीचं, म्हणजे प्रॉमिसरी नोटचं, मात्र वेगळं आहे. ती रेव्हेन्यू स्टँप लावून आणि त्यावर आडवी सही करून लिहायची असते. तिकीट राहिलं तर नंतर दंड भरून ती दुरुस्त होत नाही, पुराव्यात येतच नाही. वकिलाकडे ‘हा घ्या पुरावा’ म्हणून आणलेली बिनतिकिटाची चिठ्ठी पाहिली की पुढचं बोलणं अवघड होतं. स्टँप पेपर घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा असतो, आणि त्याच्या मागे विक्रीची तारीख व नाव असतं. ५ जूनच्या कराराचा कागद २० जूनला विकत घेतलेला निघाला तर समोरचा वकील पहिलं तेच दाखवतो. नोटरी सही ओळखते, दस्ताची नोंदणी करत नाही. नोटरी म्हणजे रजिस्ट्री असं समजून निर्धास्त झालेले लोक तालुक्यातालुक्यात भेटतात.

साध्या कर्जकराराला कायद्याने साक्षीदार लागतच नाहीत. लागतात ते स्थावर मालमत्तेच्या गहाणखताला, तिथे दोन. तरी घ्यावेत, कारण ‘ही सही माझी नाही’ म्हटल्यावर हस्ताक्षरतज्ज्ञापेक्षा समोर बसलेला माणूस स्वस्त पडतो. कोण घ्यावा हे महत्त्वाचं. मामी आणि भाच्याची आई कायद्याने चालतात, पण दोन्ही बाजूंना त्यांचं नातं असतं. त्यांच्या साक्षीला वजन कमी, आणि कोर्टात उभं करायचं म्हणजे घरातलं दुसरं भांडण. दोघांना ओळखणारा, वयाने लहान, एका जागी स्थिर असलेला माणूस बरा: शाळेतला सहकारी, सोसायटीचा सचिव. त्याने सही होताना प्रत्यक्ष पाहिलेली असावी, आणि आपलं नाव-पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा. दहा वर्षांनी त्याला काय आठवेल यापेक्षा तो सापडेल का, हा प्रश्न आधीचा.

तारणाकडे येऊ. पाटल्या भाच्याच्या बायकोच्या माहेरून आलेल्या असतील तर ते स्त्रीधन आहे. भाच्याने त्या मामांच्या हातात ठेवल्या म्हणून तारण होत नाही, तिची स्वतंत्र सही हवी, आणि ती काय लिहून देतेय हे तिला कळलेलं असायला हवं. ती नुसतं तारण देतेय की जामीनही होतेय, हेही स्पष्ट लिहायचं, कारण जामीन झाली तर पाटल्यांच्या किमतीपलीकडेही तिच्यावर बोजा येतो. दागिन्यांचं वर्णन ‘दोन सोन्याच्या पाटल्या’ एवढंच नको. प्रत्येकीचं वजन ग्रॅममध्ये, कॅरेट, हॉलमार्कचा क्रमांक असल्यास तो, सराफाची त्या दिवशीची वजनाची चिठ्ठी आणि फोटो. त्या मामांच्या बँक लॉकरमध्ये ठेवायच्या. मामींनी त्या घालून लग्नाला जायचं नाही, हे सांगायला विचित्र वाटतं पण करारात लिहावं: दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय वापरली आणि तिचं नुकसान झालं तर ते भरून द्यावं लागतं. हप्ते थकले तर मामांना वाजवी नोटीस देऊन त्या विकता येतात. विक्री होईपर्यंत पैसे भरून सोडवून नेण्याचा हक्क राहतो. विकून जास्त आले तर परत द्यायचे, कमी पडले तर उरलेलं कर्ज उभंच.

जमिनीच्या तारणात महाराष्ट्रात एक जुना खड्डा आहे. ‘गहाणखताचा खर्च कशाला, सरळ खरेदीखत करून ठेवू, पैसे फिटले की परत करून देतो.’ नोंदणी कार्यालयातून बाहेर पडताना जमीन कायद्याने मामांची झालेली असते, आणि तोंडी शब्द उरतो. परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल तर त्याला सशर्त विक्रीचं गहाण म्हणता येत नाही. दुसऱ्या कागदावरची चिठ्ठी पुरत नाही. भाच्याने असं खरेदीखत करू नये आणि मामांनी मागू नये. जमीन द्यायचीच तर साधं गहाणखत: दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं, दोन साक्षीदारांचं, आणि सातबाऱ्याच्या इतर अधिकारात फेरफाराने बोजा चढवलेला. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर आधी परवानगीचा प्रश्न येतो. सहा लाखांसाठी हा उपद्व्याप सहसा करावासा वाटत नाही, पण रक्कम मोठी असेल तर त्याचा एक मोठा फायदा आहे: गहाणाच्या पैशाला दाव्याची मुदत बारा वर्षं मिळते.

बाकी सगळ्याला तीन वर्षं. नात्यातली बहुतेक कर्जं इथेच बुडतात, म्हणून हे सावकाश पाहू. ‘जमेल तसं दे’ किंवा ‘मागितलं की दे’ असं कर्ज असेल तर तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात, मागितल्यापासून नाही. मामांनी करार न करता ५ जून २०२५ ला पैसे दिले असते आणि २०२८ च्या दिवाळीत पहिल्यांदा मागितले असते, तर दावा आधीच मेलेला. हप्ते ठरवलेले असतील तर प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी: जुलै २०२५ चा हप्ता जुलै २०२८ पर्यंत, शेवटचा जून २०३० पर्यंत. करारात ‘सलग दोन हप्ते थकल्यास शिल्लक सर्व रक्कम एकदम देय’ अशी अट घातली तर पूर्ण रकमेसाठी लगेच दावा करता येतो, पण तीन वर्षंही त्या चुकीपासूनच सुरू होतात.

आपल्या भाच्याने आठ हप्ते भरले असं धरू. फेब्रुवारी २०२६ अखेर मुद्दल दोन लाख फिटलं, व्याज ३०,७५० गेलं, चार लाख शिल्लक. मार्च आणि एप्रिलचे हप्ते चुकले. ५ एप्रिल २०२६ ला अट लागू झाली, चार लाखांसाठी मुदत त्या दिवसापासून धावू लागली, ती ५ एप्रिल २०२९ ला संपणार. आता मामा काय करतात? बहीण फोन करते, मामा म्हणतात ‘राहू दे, पुढच्या महिन्यापासून भर’. माणूस म्हणून ते बरोबरच आहे. पण ती सवलत कागदावर हवी: मार्च-एप्रिलचे हप्ते अमुक तारखेपर्यंत पुढे ढकलले, कराराच्या बाकी अटी कायम, दोघांच्या सह्या. अटीचा हक्क सोडल्याचं सिद्ध झालं तर मुदत नव्या चुकीपासून मोजतात, पण सिद्ध करायला कागद लागतो.

मुदत वाढवायचे दोन सरळ मार्ग मुदत कायद्यात आहेत. मुदत संपण्याआधी ऋणकोने कर्ज कबूल करून सही केली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. आणि मुदतीत अंशतः पैसे भरले व त्याची नोंद त्याच्या हाताने किंवा सहीने झाली तरीही तेच. खात्यावर पाच हजार जमा झाले म्हणून निवांत राहू नये, त्या रकमेबाबत भाच्याची सहीची ओळ घ्यावी. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दर ३१ मार्चला शिल्लक रकमेचा खातेउतारा काढायचा आणि त्याखाली ‘बाकी मान्य’ लिहून सही घ्यायची. मुदत संपल्यावर घेतलेली कबुली चालत नाही. तेव्हा पैसे देण्याचं नवं लेखी वचनच लागतं, आणि त्या वेळी ते कोणी देत नाही.

करारासोबत चेक घेतले तर त्यांचाही नीट विचार हवा. कोरा चेक सही करून घेण्याची प्रथा आहे, आणि तो स्वखुशीने दिला असेल तर कायद्याचं गृहीतक देणाऱ्याच्या विरुद्ध जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलेलं आहे. भाच्याने हे लक्षात ठेवावं. मामांनी दुसरं लक्षात ठेवावं: सहा लाखांचा चेक हातात आहे, दोन लाख फिटलेत, आणि त्यांनी तो सहा लाखांचा चेक तसाच भरला तर चेक परत गेला तरी कलम १३८ ची केस टिकत नाही. चेक भरला तेव्हा देणं होतं चार लाख, आणि चेक सहाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या एका निकालात हेच झालं. फिटलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्यापुरता भरावा, किंवा चार लाखांचा नवा चेक घ्यावा. चेक तीन महिन्यांच्या आत भरायचा. परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. यातली एक तारीख चुकली की घोटाळा होतो.

दिवाणी बाजूला अशा करारावर समरी दावा करता येतो. लेखी करार आणि निश्चित रक्कम असेल तर प्रतिवादीला आपोआप लढायला मिळत नाही, बचावाची परवानगी मागावी लागते. कोष्टकाची खरी किंमत इथे कळते, कारण चार लाख अधिक व्याज हा आकडा कागदावरूनच निघतो. हुकूमनामा झाल्यावर तो बारा वर्षांत बजावता येतो. पण त्याचा अर्थ सगळं हाती येतं असा नाही. पगारावर जप्ती आली तरी मोठा भाग सुटतो, शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही, आणि भाचा मरण पावला तर त्याच्या वारसांकडून तो ठेवून गेलेल्या मालमत्तेपुरतंच वसूल होतं. या सगळ्यामुळे लॉकरमधल्या पाटल्या हुकूमनाम्यापेक्षा भारी ठरू शकतात.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी आधीच कोणाला तरी काही कागद न करता पैसे दिले असतील. त्यांनी आजच बँकेचं पासबुक काढून पैसे दिल्याची तारीख पाहावी. त्या तारखेला तीन वर्षं झाली नसतील तर एक साधा कागद पुरेसा आहे: ‘अमुक तारखेला अमुक रक्कम आपल्याकडून कर्ज घेतली, आजची बाकी अमुक, ती अमुक तारखेपर्यंत फेडेन.’ त्याखाली तारीख आणि सही, शेजारी बाहेरच्या एका माणसाची सही, आणि शुल्काचा प्रश्न वकिलाला विचारून. तो कागद या महिन्यात करून घ्यावा, पुढच्या सुट्टीत सगळे भेटतील तेव्हा नव्हे.